खटपट : तापत नाही ती इस्त्री



गेल्या अंकातल्या गळक्या नळानंतर बऱ्याच जणांचे फोन आले. त्यातला एक फोन नळाचा नव्हता, इस्त्रीचा होता. आमच्या मंडळातल्याच एक वहिनी. दिवाळीच्या कार्यक्रमाला चार दिवस राहिले होते, आणि खळ लावलेल्या दोन सुती साड्या पलंगावर घडी न घालता पडलेल्या. "भाऊ, आईची इस्त्री बंद पडली हो. दिवाच लागत नाही. इथली वाफेची आहे घरात, पण ती मला नको."

ही इस्त्री वहिनींच्या आईने 2016 साली त्यांना घेऊन दिली. साधी कोरडी इस्त्री, 1000 वॉटची, खाली सपाट तळ, वाफेची भोकं नाहीत. तेवीस किलोच्या बॅगेत पापड-कुरडया कमी करून, दोन साड्यांत गुंडाळून ती इंग्लंडात आली. आई आता नाहीत. त्यामुळे "टाकून द्या, दुकानात वीस पौंडाला नवी मिळते," हे उत्तर मी काही दिलं नाही. शिवाय वहिनींचं म्हणणं खरंच आहे. खळीच्या कापडाला कोरडी, जड, बिनभोकाची इस्त्रीच लागते. कापड आपण पाणी शिंपडून ओलं करतो, इस्त्रीने फक्त तापायचं असतं.

आणि ती तापतच नव्हती.

मंडळी, कोरडी इस्त्री हे घरातलं सर्वांत सोपं विजेचं यंत्र असेल. आत ना मोटर, ना पंप, ना पाणी. वीज प्लगमधून आत येते, वायरमधून इस्त्रीपर्यंत जाते, थर्मोस्टॅटमधून जाते, मग थर्मल फ्यूज नावाच्या एका चिमुकल्या नळीतून, मग तळात बसवलेल्या तापणाऱ्या तारेतून, आणि दुसऱ्या वायरने परत. एका पाठोपाठ एक, साखळीच्या कड्यांसारखं. इस्त्री अजिबात तापत नाही याचा अर्थ एकच : यातली कुठली तरी कडी तुटली आहे. आपलं काम ती कडी शोधायचं. पण ती का तुटली, हेही शोधायचं. ते शोधलं नाही तर काय होतं, ते शेवटी सांगतो, कारण ते माझ्याच घरात झालं होतं.

हत्यारं म्हणाल तर दोन स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड आणि दहा-पंधरा पौंडांचा साधा मल्टिमीटर. सगळं तपासणं प्लग भिंतीतून पूर्ण काढून करायचं. नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून चालणार नाही. प्लग डोळ्यांसमोर टेबलावर पडलेला पाहिजे. आणि इस्त्री तासभर तरी थंड झालेली हवी.

आधी प्लग

मी वहिनींना फोनवरच पहिलं विचारलं, "त्या सॉकेटमध्ये दुसरं काही लावून पाहिलंत का?" टेबललॅम्प लागला. म्हणजे भिंत ठीक. मग प्लग उघडायला सांगितलं.

भारतातून आणलेल्या इस्त्रीला गोल पिनांचा प्लग असतो. तो कापून इथला चौकोनी पिनांचा बसवावा लागतो, आणि इथल्या प्लगच्या पोटात एक छोटा नळीसारखा फ्यूज असतो. ही भानगड आपल्याकडे नाही, म्हणून लोक तो विसरतात. 1000 वॉटची इस्त्री 230 व्होल्टवर साधारण 4.3 अँपिअर करंट घेते. प्लगमध्ये लाल रंगाचा, 3 अँपिअरचा फ्यूज राहिला असेल, तर तो लगेच जाईलच असं नाही. चार-आठ दिवस कुरकुरत चालेल आणि मग एके दिवशी जाईल. मग नवा लाल घालायचा, तोही जाणार. सर्वसाधारण नियम असा की 700 वॉटपर्यंत 3 चा आणि त्यापुढे तपकिरी 13 चा. इस्त्रीच्या बरोबर आलेल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळायचं.

वहिनींच्या प्लगमध्ये 13 चाच होता. तो काढून मीटरवर दोन टोकांना सुया लावल्या, मीटर वाजला. फ्यूज शाबूत.

आता एक सोपी युक्ती, जिने इस्त्री न उघडता अर्धं काम होतं. मीटर ओहमवर ठेवायचा. इस्त्रीचा नॉब पार शेवटपर्यंत, कापसाच्या पुढे लिननवर फिरवायचा. मग प्लगच्या दोन आडव्या पिनांवर मीटरच्या सुया लावायच्या. अख्खी साखळी धड असेल तर आकडा यायला हवा. किती? 230 चा वर्ग करून त्याला वॉटने भागायचं. 1000 वॉटसाठी 53 ओहम, 750 वॉटसाठी साधारण 70. दोनचार इकडेतिकडे चालतात. मीटरवर OL दिसलं, म्हणजे वाट बंद आहे. नॉब "बंद"वर ठेवून ही परीक्षा घेऊ नका. तिथे OL येणारच, आणि तुम्ही उगाच धडधाकट इस्त्री उघडून बसाल.

वहिनींच्या इस्त्रीने OL दाखवलं.

मग वायर

इस्त्रीची वायर इतर कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त सोसते. एका साडीला ती पन्नास वेळा डावीउजवीकडे वाकते, आणि दरवेळी एकाच जागी, जिथे ती रबरी बाहीतून इस्त्रीच्या पाठीत शिरते. वायरच्या आत तांब्याचे केसासारखे बारीक तंतू असतात. ते एकेक करून तुटतात. वरचं सुती विणकाम शाबूत दिसतं, आत मात्र चारच तंतू उरलेले असतात. त्याची खूण अशी : इस्त्री हलवली की दिवा लुकलुकतो, एका बाजूला धरली की तापते, दुसऱ्या बाजूला नाही. बाहीजवळ हात लावला तर वायर कोमट लागते. असं झालं तर त्याच दिवशी इस्त्री बंद ठेवावी, कारण त्या चार तंतूंतून सगळा करंट जातो आणि ते तापतात.

तपासायचं कसं? इस्त्रीच्या टाचेवरचं झाकण एका स्क्रूवर असतं. ते काढलं की तीन वायरी आपापल्या स्क्रूखाली बसलेल्या दिसतात. तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. जुन्या भारतीय इस्त्रीत लाल, काळी आणि हिरवी. काढायच्या आधी फोटो घेऊन ठेवा, नंतर आठवत नाही. मीटरची एक सुई प्लगच्या पिनेवर, दुसरी त्याच रंगाच्या वायरच्या स्क्रूवर. शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा. आता मीटरकडे बघत बघत बाहीजवळची वायर हळूहळू वाकवायची. आकडा उडाला, तर तुटलेली जागा सापडली. तिन्ही वायरी अशाच तपासायच्या, हिरवी-पिवळी सुद्धा. ती तुटली तर इस्त्री तापत राहते, तक्रार काही करत नाही. पण आत कुठे वीज तळाला लागली, तर ती जमिनीत न जाता तुमच्या हातात येते.

वायर बाहीजवळच तुटली असेल तर टोकाकडची वीतभर कापून, वरचा भाग नव्याने सोलून, बाही आणि पकडपट्टीसकट पुन्हा बसवता येते. मधे तुटली असेल तर चिकटपट्टी गुंडाळून जोड देऊ नका. पूर्ण वायर बदला, आणि ती रबराची, वर विणकाम असलेली, उष्णता सोसणारीच घ्या. साधी प्लॅस्टिकची वायर गरम तळाला एकदा टेकली की वितळते.

वहिनींच्या वायरीला काही झालं नव्हतं. तिन्ही धड. वाकवून, ओढून, पिळून पाहिली. मीटर ढिम्म.

नॉब खोटं बोलतो

आता नॉब. बाहेरून आपल्याला जी चकती दिसते ती फक्त प्लॅस्टिकची टोपी आहे. तिच्या खाली एक लोखंडी दांडी असते, एका अंगाने चपटी केलेली. टोपीचं भोकही तसंच चपटं. दांडी फिरली की खालची पितळी पट्टी वरखाली होते. त्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त लांब होतो, म्हणून जोडपट्टी वाकते. वाकली की दोन टाचण्यांच्या डोक्यांएवढे स्पर्शबिंदू एकमेकांपासून सुटतात आणि वीज थांबते. तळ थोडा निवला की पट्टी सरळ होते, बिंदू पुन्हा टेकतात, वीज सुरू. इस्त्री करताना मधूनच "टक्" असा आवाज येतो आणि दिवा विझतो, तो हाच. नॉब फिरवून आपण फक्त एवढंच ठरवतो की पट्टीने किती वाकल्यावर सुटायचं.

तेव्हा पहिली परीक्षा कानाची. थंड इस्त्रीचा नॉब "बंद"वरून हळूच पुढे फिरवा. बारीकसा "टक्" आला पाहिजे. गेल्या वर्षी एका काकांची इस्त्री अशीच "मेली" होती. नॉब गरागरा फिरत होता, पण टक् नाही. टोपी उपटून पाहिली तर आतलं चपटं भोक झिजून गोल झालं होतं. टोपी फिरत होती आणि दांडी बंदवरच उभी. पक्कडीने दांडी हलकेच फिरवली, टक् झालं, मीटरवर आकडा आला. नवी टोपी बसवली, काम संपलं. टोपी काढण्याआधी नॉब "बंद"वर आणून ठेवा, म्हणजे पुन्हा बसवताना खुणा चुकत नाहीत.

दुसरा दोष म्हणजे स्पर्शबिंदू काळे पडणं. ठिणग्यांनी त्यांवर काजळी साचते आणि ते टेकले तरी वीज जात नाही. असं असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन बिंदूंच्या मधे धरून एकदोनदा ओढायची. पट्टी वाकवायची नाही. ती केसभर वाकली तरी रेशमाच्या खुणेवर कापसाची धग येते. तिथेच एक बारीक स्क्रू दिसेल, त्यालाही हात लावू नका. कारखान्यात तापमान जुळवून तो बसवलेला असतो.

वहिनींची इस्त्री आता पूर्ण उघडली. टाचेतले दोन, नॉबच्या खाली एक आणि नाकाजवळ एक असे स्क्रू काढले की मूठ आणि वरचं आवरण सुटलं. थर्मोस्टॅटच्या दोन पट्ट्यांना मीटर लावला. नॉब लिननवर : शून्य. छान, बिंदू टेकलेले आहेत. मग दांडी "बंद"वर आणली. आता OL यायला हवं.

मीटरवर शून्यच.

पुन्हा फिरवून पाहिलं. तरी शून्य. बंद केल्यावरही थर्मोस्टॅट चालूच! भिंग लावून पाहिलं तर दोन्ही बिंदू वितळून एकमेकांना घट्ट चिकटले होते. मी वहिनींना विचारलं, "बंद पडायच्या आधी काही जास्त तापल्यासारखं वाटलं होतं का?"

तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो हो, सांगायचंच राहिलं. लोकरीवर ठेवली होती आणि ब्लाउजला तपकिरी डाग पडला. मला वाटलं माझंच लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी तर कसला तरी वास आला, आणि मग दिवाच गेला."

मंडळी, सगळी हकीकत त्या एका वाक्यात होती. इस्त्री नापास व्हायच्या दोन दिवस आधी ती ओरडून सांगत होती की माझा लगाम सुटला आहे. म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी नुसतं "काय झालं" विचारू नका, "त्याच्या आधी काय झालं" हेही विचारा.

ती चिमुकली नळी

थर्मोस्टॅटमधून निघालेली वीज ज्या नळीतून तळातल्या तारेकडे जाते, तो थर्मल फ्यूज. लांबीला जेमतेम बोटाचं पेर, धातूची नळी, दोन्ही टोकांना तार. वरून काचेच्या धाग्यांची पांढरी बाही असते, आणि एका पट्टीने ती तळाला घट्ट टेकवलेली असते. या नळीला करंटशी फारसं देणंघेणं नाही, ती तापमान बघते. तिच्या पोटात ठराविक तापमानाला वितळणारी एक गोळी असते आणि त्या गोळीने एक स्प्रिंग दाबून धरलेली असते. तळ बेफाम तापला की गोळी वितळते, स्प्रिंग सुटते, आतला स्पर्श तुटतो. प्लगमधला फ्यूज नवा घालता येतो, घरातला स्विच परत वर करता येतो. ही गोळी मात्र थंड झाली तरी पूर्ववत होत नाही. एकदाच आणि कायमचं.

इस्त्रीच्या खुणा तुम्हाला ठाऊक आहेतच. एक टिंब म्हणजे साधारण 110 अंश सेल्सिअस, दोन टिंबं 150, तीन टिंबं 200. फ्यूज या सर्वांच्या वरचा असतो. वहिनींच्या नळीवर 240 अंश छापलेलं होतं. म्हणजे तळाने 240 ओलांडले तेव्हा ती तुटली. मीटर लावला : OL. तळातली तार तपासली : 52 ओहम, उत्तम. तार आणि तळ यांच्यामध्ये : OL, म्हणजे वीज तळात गळत नाही. हा शेवटचा आकडा साधा मीटर ढोबळमानानेच सांगतो, खात्रीची परीक्षा 500 व्होल्टच्या मेगरने होते. ज्यांच्या ओळखीत इलेक्ट्रिशियन आहे त्यांनी दोन मिनिटं त्याच्याकडून ती करून घ्यावी. (तळातली तार तुटली असती तर मात्र हात जोडायचे. हल्ली ती तळातच ओतून बसवलेली असते, बदलता येत नाही.)

म्हणजे हिशेब जुळला. थर्मोस्टॅट चिकटला, म्हणून तळ तापतच राहिला, म्हणून फ्यूजने जीव दिला. दिवा तारेला समांतर जोडलेला होता, फ्यूजच्या पुढे, म्हणून तोही विझला.

इतक्यात वहिनींचा भाचा आला. विद्यापीठात शिकतो, हुशार मुलगा. म्हणाला, "काका, ही नळी काढून दोन टोकं जोडून टाकली की झालं ना? वायरचा तुकडा तर पडलाय इथे."

त्याला मी माझी गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

1991 साल. आम्ही भाड्याच्या घरात, मुलगी तीन वर्षांची. आमची इस्त्री बंद पडली. मी शिकलेला माणूस, उघडली, फ्यूज तुटलेला सापडला. शनिवार संध्याकाळ, दुकानं बंद, सोमवारी माझी मुलाखत. तांब्याच्या तारेने दोन टोकं जोडली. इस्त्री तापली. सौ.ला अभिमानाने दाखवली. ती का तुटली होती हे मी विचारलंच नाही. शर्ट अर्धा झाला आणि हॉलमध्ये फोन वाजला. इस्त्री टाचेवर उभी करून मी गेलो. पाच मिनिटं बोललो असेन, फार तर सात. परत आलो तर खोलीत निळा धूर. इस्त्री मुठीपासून मऊ होऊन कलली होती आणि फळीवरच्या कापडावर आडवी पडली होती. कापडाला ज्वाळा. फळीच्या पलीकडे मुलगी बाहुलीशी खेळत बसलेली. मी प्लग ओढला आणि ओली सतरंजी टाकली. एवढंच झालं. मुलाखतीला मी बिनइस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

हिशेब अगदी सरळ आहे. थंड इस्त्री तीनचार मिनिटांत 200 अंशांवर येते. थांबवणारा कोणी नसेल तर ती त्यावर थांबायचं काही कारणच नाही. अल्युमिनियमचा तळ 660 अंशांना वितळतो, आणि कापड त्याच्या कितीतरी आधी पेटतं. थर्मोस्टॅट हा पहिला पहारेकरी आणि ती नळी शेवटचा. शेवटचा पहारेकरी मेलेला सापडला, याचा अर्थ पहिला आधीच झोपला आहे. नुसता नवा फ्यूज घातला तर तोही दहा मिनिटांत जाईल. तार जोडली तर जाणार नाही, घर जाईल. भाच्याने वायरचा तुकडा मुकाट्याने कचऱ्यात टाकला.

दुरुस्ती

तेव्हा थर्मोस्टॅट आणि फ्यूज दोन्ही बदलायचे. फ्यूज घेताना दोन गोष्टी जुळवायच्या : छापलेलं तापमान अगदी तेच, आणि करंट तेवढाच किंवा जास्त. 240 च्या जागी "मिळाला म्हणून" 280 चा घालायचा नाही, आणि 180 चाही नाही. तो तीन टिंबांवर पहिल्याच दिवशी जाईल. फ्यूज इथे सुट्या भागांच्या दुकानात मिळाला. थर्मोस्टॅटला मात्र तीच बैठक, तीच भोकं आणि तीच दांडी लागते. एका स्नेह्यांचे बंधू त्याच आठवड्यात मुंबईहून येत होते. जुन्या थर्मोस्टॅटचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो त्यांना पाठवले, आणि त्यांनी लोहार चाळीतून जोडीला जोड मिळवून आणला. अशी जोड मिळाली नाही, तर "जवळपास बसणारा" लावू नका. तिथे इस्त्रीला निरोप द्यावा.

नवा फ्यूज बसवताना एक चूक हमखास होते. लोक त्याला सोल्डरचा डाग देतात. सोल्डर करताना तारेतून चढणारी धग आतल्या गोळीला लागते आणि नवाकोरा फ्यूज बसवतानाच मरतो. शिवाय इस्त्रीच्या पोटात सोल्डरच मऊ होतो. म्हणून टोकं धातूच्या छोट्या नळीत घालून पक्कडीने घट्ट दाबायची, किंवा मूळ स्क्रूखाली धरायची. तार वाकवायची तर नळीपासून थोडं अंतर सोडून, नाहीतर टोकाचं सील फुटतं. वरची पांढरी बाही परत चढवायची, आणि पट्टीने नळी तळाला पूर्वीसारखी टेकवायची. हे विसरलात तर फ्यूज हवेत लोंबकळत राहील आणि तळ तापल्याचं त्याला उशिरा कळेल.

बंद करण्याआधी मीटरने चार आकडे घेतले. दोन आडव्या पिनांमध्ये, नॉब लिननवर : 53. नॉब बंदवर : OL. उभी मोठी पिन आणि तळ यांमध्ये : शून्याजवळ. आडवी पिन आणि तळ यांमध्ये : OL. या चारातला एक जरी चुकला तरी प्लग भिंतीत घालायचा नाही.

मग स्वयंपाकघरातल्या फरशीवर, टाचेवर उभी करून इस्त्री लावली. घरातल्या बोर्डावर गळती-संरक्षक स्विच आहे याची आधी खात्री केली. मीटरबरोबर तापमानाची एक सुई मिळते, ती तळाला टेकवून धरली. नॉब दोन टिंबांवर. पहिल्या झटक्यात तळ 150 च्या पुढे गेला, हे नेहमीचंच आहे, टक् झालं, दिवा विझला. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून ती 150 च्या आगेमागे डोलायला लागली. वीस मिनिटं आम्ही तिथेच खुर्च्या टाकून बसलो. वहिनींनी चहा केला. इस्त्री टक् टक् करत होती, तो आवाज त्यांना फार दिवसांनी ऐकू आला असावा. त्या काही बोलल्या नाहीत.

मुंबईचा पाहुणा येईपर्यंत दिवाळीचा कार्यक्रम होऊन गेला होता, हे कबूल करायला हवं. त्या दिवशी वहिनी रेशमी साडी नेसून आल्या. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खळीची पांढरी सुती साडी, आणि निऱ्या अशा की बोट कापेल.

अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांसाठी जाता जाता एक. भारतातली 230 व्होल्टची इस्त्री तिथे नुसती प्लग बदलून लावली तर बिघाड काही नसूनही ती धड तापणार नाही. तिथे 120 व्होल्ट. निम्म्या व्होल्टला निम्मी नव्हे, जवळजवळ पाव शक्ती मिळते. 1000 वॉटची इस्त्री तिथे 270 वॉटच्या आसपास देते. कोमट होते आणि रुसून बसते. तिला उघडू नका, ती निर्दोष आहे.

पुढच्या अंकात मिक्सरच्या भांड्याखालून गळणारं पाणी. तुमच्या घरातली बंद पडलेली वस्तू असेल तर कळवा. आणि कळवताना, ती बंद पडायच्या आधी दोन दिवस कशी वागत होती, तेही आठवून लिहा.